मराठी टायपिंग आणि उजवी करंगळी

मराठी मजकुरात ‘त्यांच्या’ हा शब्द पानापानावर येतो. संगणकावर इनस्क्रिप्ट मांडणीत तो टाइप करायला नऊ कळा दाबाव्या लागतात. कीबोर्डवर छापलेल्या इंग्रजी खुणांनी लिहिल्या तर त्यांचा क्रम असा:

```
l d / e x ; d / e
```

नियमाप्रमाणे बोटे ठेवून हा शब्द टाइप करणाऱ्याचे हात पाहिले, तर एक गोष्ट लगेच दिसते. नऊपैकी तीन वेळा उजव्या हाताची करंगळी खाली येते आणि चार वेळा डाव्या हाताचे मधले बोट. उरलेल्या बोटांना जेमतेम दोन कळा मिळतात. ‘च्या’ या जोडीपुरते पाहायचे तर सगळे काम फक्त या दोन बोटांचे असते: च आणि य करंगळीचे, हलन्त आणि काना मधल्या बोटाचे. मराठीत षष्ठीचा हा ‘च्या’ किती वेळा येतो, हे कुठल्याही वर्तमानपत्राचा एक रकाना वाचला तरी कळते.

कीबोर्ड विकत घेताना ग्राहक किंमत पाहतो, दिवे पाहतो, वायर आहे की नाही ते पाहतो. ज्याला रोज चार-पाच पाने मराठी टाइप करायची आहेत, त्याने आधी उजवा काठ पाहावा. च, ट, ड, ज, य ही सगळी अक्षरे त्या काठावर, करंगळीच्या वाट्याला आलेली आहेत. इंग्रजी टाइप करणाऱ्याला तिथे फक्त पी आणि विरामचिन्हे लागतात. म्हणूनच बाजारातल्या अनेक लहान कीबोर्डांत आणि लॅपटॉपांत जागा वाचवायची वेळ आली की हाच काठ आखडला जातो. इंग्रजीत ते खपून जाते. मराठीत बोट दुखते आणि चुका वाढतात.

हे समजून घ्यायचे तर मांडणीपासून सुरुवात करावी लागते. मराठी टाइप करण्याच्या मुख्य पद्धती तीन. जुन्या टाइपरायटरवर शिकलेल्यांचा हात रेमिंग्टन पद्धतीवर बसलेला असतो. त्या यंत्राला कागदावर आकार उमटवायचे होते. त्यामुळे अर्धे अक्षर वेगळे, काना वेगळा, आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दाबायची, कारण कागदावर ती आधी दिसते. डीटीपीची दुकाने, जुनी कार्यालये आणि टंकलेखन संस्था यांत ही सवय अजून जिवंत आहे. दुसरी पद्धत फोनेटिक, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगच्या आधाराने लिहिण्याची. तिसरी इनस्क्रिप्ट. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ मध्ये आखली, आणि भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात तिला जागा मिळाली. पुण्याच्या सी-डॅकने आपल्या जिस्ट तंत्रज्ञानातून ती कार्यालयांपर्यंत नेली. आज विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींत ती वेगळे सॉफ्टवेअर न घेता मिळते.

इनस्क्रिप्टचा विचार सोपा आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. म, न, व एवढी तीन तळाच्या ओळीत डावीकडे आलेली. क आणि ख एकाच कळेवर, ग आणि घ एकाच कळेवर. महाप्राण हवा असेल तर शिफ्ट धरायची. मात्रा टाइप केली की तीच कळ शिफ्टसह दाबल्यावर पूर्ण स्वर मिळतो: ई या इंग्रजी कळेवर काना, शिफ्टसह आ. बोलताना ज्या क्रमाने ध्वनी येतात, त्याच क्रमाने कळा दाबायच्या. ही रचना भारतातल्या बहुतेक लिप्यांना सारखीच लावलेली असल्यामुळे मराठी इनस्क्रिप्ट येणाऱ्याला गुजराती किंवा कन्नडमधला क शोधावा लागत नाही.

या सोयीची किंमत उजवी करंगळी मोजते. च, ट, ड, ज, य तिच्याकडे आहेतच. छ, ठ, ढ, झ हेही तिथेच, डाव्या शिफ्टसह. ‘ऑ’च्या उच्चाराची खूण, म्हणजे ‘डॉक्टर’मधला अर्धचंद्र असलेला काना, तोही तिच्याच हद्दीत, एन्टरच्या वर. आणि उजवी शिफ्टही तीच दाबते. टायपिंगचा नियम असा की अक्षर ज्या हाताचे, शिफ्ट त्याच्या विरुद्ध हाताने धरायची. ‘आणि’ या शब्दातले आ आणि ण दोन्ही डाव्या हाताकडच्या कळांवर आहेत, म्हणून हा शब्द लिहिताना उजवी शिफ्ट दोन अक्षरांसाठी धरून ठेवावी लागते. आहे, आता, अजून, असे, एक, इथे: मराठी वाक्ये ज्या शब्दांनी सुरू होतात त्यांतले कितीतरी उजव्या शिफ्टनेच सुरू होतात.

म्हणून दुकानात पहिली नजर उजव्या शिफ्टवर आणि तिच्या शेजारच्या तिरक्या रेघेच्या कळेवर जावी. ती कळ म्हणजे य. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर कळांची केंद्रे एकमेकांपासून सुमारे १९ मिलिमीटर अंतरावर असतात, आणि उजवी शिफ्ट सामान्य कळेच्या अडीच पटींहून लांब असते. लहान कीबोर्डांत आणि काही लॅपटॉपांत वरच्या बाणाची कळ शिफ्टच्या रांगेत घुसवलेली असते. मग शिफ्ट आखूड होते, क्वचित य ची कळही अरुंद होते. अशा कीबोर्डवर ‘आ’ लिहायला गेलेली करंगळी बाणावर पडते, कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो आणि अक्षर भलत्याच वाक्यात जाऊन बसते. सलग लिहिताना एखादा काना किंवा मात्रा वरच्या ओळीत घुसलेली सापडत असेल, तर बहुतेक वेळा दोष याच बाणाचा असतो.

डावी शिफ्टही एकदा पाहून घ्यावी. ख, घ, थ, ध, भ, ळ, श, ष ही अक्षरे तिच्यावर अवलंबून आहेत. भारतात विकले जाणारे बहुतेक कीबोर्ड अमेरिकी घडणीचे असतात, त्यांत डावी शिफ्ट लांब आणि एन्टर आडवे. ब्रिटनमधून किंवा आखातातून कुणी आणून दिलेल्या लॅपटॉपवर एन्टर उंच असते आणि डावी शिफ्ट कापून तिच्या बाजूला एक जादा कळ बसवलेली असते. त्यावर ‘शाळा’ लिहिताना डाव्या करंगळीला नेहमीपेक्षा जास्त ताणून जावे लागते. आधीपासून तशा कीबोर्डवर हात बसलेला नसेल, तर मराठीसाठी तो मुद्दाम घेऊ नये.

फोनेटिक पद्धतीने लिहिणाऱ्यांना या काठाची एवढी चिंता नाही. विंडोजमध्ये २०१९ च्या मे महिन्यातल्या अद्ययावत आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आत आला आहे. त्यात अक्षरे इंग्रजीच्या ओळखीच्या जागांवरून येतात आणि य साठी वाय ही कळ पुरते. लहान कीबोर्ड त्यांना चालून जातो. शिफ्ट मात्र त्यांनाही लागते, कारण ट, ड, ण, ळ यांच्यासाठी अनेक फोनेटिक मांडण्या मोठ्या लिपीतली अक्षरे वापरतात. रेमिंग्टनवाल्यांनी कीबोर्डइतकेच लक्ष सॉफ्टवेअरकडे द्यावे: आपल्या मांडणीने लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये साठतो की जुन्या फॉन्टमध्ये, हे आधी पाहून घ्यावे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेसाठी, मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांच्या मराठीसाठी, जे तयारी करत असतील त्यांनी आपली संस्था कोणती मांडणी शिकवते ते विचारल्याशिवाय कीबोर्ड किंवा स्टिकर काहीच घेऊ नये.

स्टिकरचा विषय निघालाच आहे तर एक खूण सांगायला हवी. बाजारात ‘हिंदी कीबोर्ड स्टिकर’ या नावाने दोन्ही मांडण्यांचे संच एकाच रॅकवर लटकलेले असतात. पाकीट न फोडता ओळखायचे तर के आणि डी या दोन कळा पाहाव्यात. के वर क आणि डी वर हलन्ताची खूण असेल, तर तो संच इनस्क्रिप्टचा. स्टिकर शिकण्याच्या दिवसांत उपयोगी पडतात. पण त्यांच्या कडा उचलल्या की बोटाला खरखर लागते आणि घामाने डिंक चिकट होतो. हात बसल्यावर ते काढलेलेच बरे. छापील देवनागरी अक्षरे हवी असतील तर टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सच्या ‘चॅम्प’ मालिकेत देवनागरी कीबोर्ड मिळतो.

आता बोटाखाली काय लागते, त्याकडे.

घरोघरी दिसणारे स्वस्त कीबोर्ड मेम्ब्रेन प्रकारचे असतात. प्रत्येक कळेखाली रबराची छोटी घुमटी असते. ती पूर्ण दबून तळाच्या पातळ पडद्याला टेकली की अक्षर उमटते. म्हणजे प्रत्येक कळ तळापर्यंत न्यावी लागते. पहिल्या बोटाला किंवा मधल्या बोटाला त्याचे काही वाटत नाही, करंगळीला वाटते. वर रबर जुने होते तसे असमान होते, आणि काठावरच्या कळा तिरक्या दाबल्या गेल्यामुळे त्या अडकल्यासारख्या वाटू लागतात. लॅपटॉपच्या कळा कमी खोल असतात. त्यांना जोर कमी लागतो, पण कळ दाबली गेली की नाही याची जाणीव पुसट असते.

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळेखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. अक्षर अर्ध्या वाटेवरच उमटते, तळ गाठावा लागत नाही. जर्मनीतल्या चेरी कंपनीचे एमएक्स स्विच या बाबतीत मोजमापाची पट्टी झाले आहेत, आणि इतर कंपन्याही आपल्या स्विचचे रंग साधारण त्याच अर्थाने ठरवतात. तांबड्या स्विचला सुमारे ४५ ग्रॅम जोर पुरतो, कळ सरळ खाली जाते, मध्ये कुठे अडथळा लागत नाही. तपकिरीला ५५ ग्रॅमच्या आसपास जोर लागतो आणि २ मिलिमीटर खाली गेल्यावर बोटाला एक बारीक उंचवटा जाणवतो: अक्षर उमटले. निळ्याला सुमारे ६० ग्रॅम जोर लागतो आणि उंचवट्याबरोबर टिक असा आवाजही येतो. तिन्हींची पूर्ण खोली ४ मिलिमीटर.

इनस्क्रिप्टवर या तिघांत तपकिरी जास्त उपयोगी पडतो, आणि त्याचे कारण हलन्त आहे. हलन्त डाव्या मधल्या बोटाखाली, डी वर, सतत दाबला जातो. तो एकदा चुकला तर ‘च्या’ऐवजी ‘चया’ होते, आणि घाईत वाचणाऱ्या डोळ्याला ते चटकन दिसत नाही. उंचवटा असला की बोटालाच कळते की कळ लागली. तांबडा हलका असल्यामुळे करंगळीला आवडतो, पण विसावलेले बोटही त्यावर नकळत अक्षर उमटवते आणि मध्येच जादा च किंवा ओकार येतो. निळ्याचा स्पर्श सर्वांत स्पष्ट, जोर सर्वांत जास्त. टाइपरायटरवर वाढलेल्या हातांना तोच बरा वाटतो. मात्र एका खोलीत दोघे झोपलेले असताना रात्री अकरा वाजता त्यावर लेख पुरा करता येत नाही.

भारतात निळ्या स्विचची ओळख अनेकांना एकाच कीबोर्डमुळे झाली: टीव्हीएस-ई गोल्ड. बँकांच्या काउंटरवर, तिकीट खिडक्यांवर, वकिलांच्या कार्यालयांत तो वर्षानुवर्षे खडखडत आला आहे. चेरीचे निळे स्विच, पूर्ण आकार, लांब शिफ्ट, जाड बांधणी. कंपनी चेन्नईची, त्यामुळे सेवा केंद्रे देशात आहेत. नव्या आवृत्त्यांत स्विच कोणते आहेत ते खरेदीच्या वेळी खोक्यावरून तपासावे. नाव गोल्ड आहे म्हणून जुनाच स्विच असेल असे धरून चालू नये. दिवसभर कार्यालयात बसून मराठी टाइप करणाऱ्याला, ज्याच्या आवाजाची कुणाला अडचण नाही, त्याला दोन ते साडेतीन हजारांच्या टप्प्यात याहून खात्रीचा पर्याय क्वचितच मिळेल.

ज्यांचे बजेट हजाराच्या आत आहे त्यांच्यासाठी लॉजिटेकचा के१२० हा मेम्ब्रेन कीबोर्ड गेली अनेक वर्षे टिकून आहे. त्याच्या प्रत्येक कळेचे आयुष्य १ कोटी दाबांचे असल्याचे कंपनी सांगते, आणि थोडे पाणी सांडले तर ते निघून जाण्याची सोय त्यात आहे. तुलनेसाठी, चेरीचे निळे स्विच ५ कोटी दाबांसाठी बनवलेले असतात. के१२० ची खरी जमेची बाजू त्याचा उजवा काठ आहे: शिफ्ट पूर्ण लांबीची आणि य ची कळ पूर्ण रुंदीची. डेलचा केबी२१६ हाही त्याच जातीचा, बहुतेक कार्यालयांत संगणकाबरोबर येणारा. दोन्हींत मऊपणा बेताचा आहे. दिवसाला पान-दोन पाने लिहिणाऱ्याला एवढे पुरते.

मधल्या गटात, म्हणजे मेकॅनिकल हवा पण आवाज नको आणि टेबलही लहान, त्यांनी ‘टेनकीलेस’ हा शब्द लक्षात ठेवावा. त्यात उजवीकडचा आकड्यांचा चौकोन काढून टाकलेला असतो, कळा ८७ उरतात. अक्षरांच्या भागाला आणि दोन्ही शिफ्टना धक्का लागत नाही, कारण बाणांची जागा वेगळी राहते. कीक्रॉनचा के८ आणि रेड्रॅगनचा के५५२ हे या आकाराचे भारतात सहज मिळणारे नमुने. कीक्रॉन महाग आहे. त्याच्या काही आवृत्त्यांत स्विच चिमट्याने काढून बदलता येतो, आणि मराठीसाठी ही सोय फार कामाची आहे: सगळीकडे तपकिरी ठेवून फक्त उजव्या करंगळीच्या च, ट, य आणि शिफ्टखाली हलके तांबडे स्विच बसवता येतात. याहून लहान, साठ टक्के म्हणून विकले जाणारे कीबोर्ड इनस्क्रिप्टवाल्याने टाळलेलेच बरे. त्यांत बाण दुसऱ्या कळेच्या जोडीने दाबावे लागतात, आणि मराठी मजकूर दुरुस्त करताना बाणांवाचून भागत नाही.

हा मुद्दा माऊसकडे घेऊन जातो. मराठी मजकुरात माऊसची अडचण इंग्रजीपेक्षा वेगळी आहे. ‘च्या’ दिसायला एक, पण आत चार खुणा: च, हलन्त, य, काना. त्यांच्या मध्ये माऊसने क्लिक करून कर्सर ठेवता येत नाही, तो आधी बसतो किंवा नंतर. मात्र त्यानंतर बसलेल्या कर्सरवरून बॅकस्पेस दाबली तर बहुतेक विंडोज प्रोग्रॅममध्ये एकेक खूण जाते: आधी काना, मग य, मग हलन्त. डिलीट दाबली तर पूर्ण ‘च्या’ एका झटक्यात उडतो. म्हणून ‘चा’चे ‘च्या’ करायचे असेल तर त्या अक्षरानंतर क्लिक करावे, एकदा बॅकस्पेस द्यावी आणि हलन्त, य, काना टाइप करावा. शब्दाशब्दाने सरकायला कंट्रोल आणि बाण वापरला तर माऊसला हातही लावावा लागत नाही. ज्याला ही युक्ती माहीत नसते तो दर चुकीला माऊस पकडतो, शब्द निवडतो आणि पुन्हा लिहितो. दिवसाच्या शेवटी त्याचे मनगट जे सांगते, त्याला कोणताही महागडा माऊस उत्तर नाही.

तरीही माऊस लागतोच, आणि तिथे जागा महत्त्वाची. पूर्ण आकाराचा कीबोर्ड सुमारे ४४ सेंटिमीटर रुंद असतो, टेनकीलेस ३६ च्या आसपास. हा आठेक सेंटिमीटरचा फरक उजव्या खांद्याला कळतो. आकड्यांच्या चौकोनापलीकडे ठेवलेल्या माऊसकडे हात दर वेळी बाहेर फेकावा लागतो. जो हात आधीच करंगळीच्या कामाने थकला आहे, त्याच्यावरच हा भार येतो. ज्यांना हिशेबासाठी आकड्यांचा चौकोन हवाच आहे, त्यांनी माऊस डावीकडे घेऊन पाहावा. विंडोजच्या सेटिंगमध्ये माऊसचे मुख्य बटण डावे की उजवे हे निवडता येते. पहिला आठवडा अवघड जातो, पुढे बहुतेकांना जमते. त्यासाठी माऊस दोन्ही बाजूंनी सारखा असावा. लॉजिटेकचा वायरचा बी१०० किंवा बिनवायरचा एम१८५ तसा आहे. एका हाताच्या वळणाला साजेसा घडवलेला माऊस डाव्या हातात धरता येत नाही.

एम१८५ आखूड आहे. लहान आणि मध्यम हातांना तो बसतो, मोठ्या हाताला बोटे आक्रसून धरावी लागतात. माऊसवर हात टेकवल्यावर तळवा पाठीला लागत नसेल आणि बोटे वाकडी होत असतील, तर तो लहान आहे. ज्यांना मनगट पालथे ठेवल्याने त्रास होतो, त्यांच्यासाठी उभा माऊस असतो. लॉजिटेकच्या ‘लिफ्ट’मध्ये हाताचा कोन ५७ अंशांचा राहतो, म्हणजे हस्तांदोलनाला पुढे केलेल्या हाताच्या जवळपास, आणि त्याची डावखुऱ्यांसाठीची वेगळी घडणही मिळते. अक्षरे निवडण्याची अचूकता त्यावर थोडी कमी होते, हे धरून चालावे. डीपीआयच्या मोठमोठ्या आकड्यांचा मजकुराच्या कामाशी संबंध नाही. १००० पुरेसे आहे.

एक उदाहरण पूर्ण घेऊन पाहू. समजा, ठाण्यात घरी बसून भाषांतर आणि मुद्रितशोधन करणाऱ्या एका बाईंकडे चौदा इंची लॅपटॉप आहे. काम दिवसाचे पाच-सहा तास, मांडणी इनस्क्रिप्ट, तक्रार उजव्या हाताच्या बाहेरच्या कडेला दुखण्याची आणि वरच्या ओळीत अक्षरे घुसण्याची. खर्चाची मर्यादा पाच हजार. लॅपटॉपचा उजवा काठ पाहिला की दुसऱ्या तक्रारीचे कारण सापडते: वरच्या बाणाने शिफ्टची अर्धी जागा खाल्ली आहे. पहिल्या तक्रारीचेही तेच, कारण बाण चुकवण्यासाठी करंगळी दर वेळी वाकडी होते.

त्यांनी दुकानात जाताना चार शब्द बरोबर न्यावेत: ‘त्यांच्या’, ‘दुसऱ्या’, ‘डॉक्टर’, ‘शाळा’. दुकानातल्या संगणकावर मराठी मांडणी नसेल तरी चालेल, बोटे इंग्रजी खुणांवरूनही तीच हालचाल करतात. ‘डॉक्टर’ लिहिताना सहापैकी तीन कळा करंगळीच्या असतात:

```
[ \ k d ' j
```

एन्टरच्या वरची तिरकी रेघ गाठायला पंजा उचलावा लागतो का, ते या शब्दात कळते. ‘दुसऱ्या’मध्ये शिफ्टसह र ची कळ दाबून ऱ घ्यायचा, मग हलन्त, य, काना. तिथे शिफ्ट उशिरा सुटली तर हलन्ताऐवजी अ येतो, कारण डी वर शिफ्टसह अ आहे. ज्या कीबोर्डवर ही चूक वारंवार होते त्याची शिफ्ट जड आहे किंवा अडकते. ‘शाळा’ डाव्या शिफ्टची परीक्षा घेतो. प्रत्येक शब्द दहा-बारा वेळा लिहिला की हाताचे मत ठरते.

या बाईंसाठी निवड अशी होईल: टेनकीलेस आकाराचा, तपकिरी स्विचचा वायरचा मेकॅनिकल कीबोर्ड तीन-साडेतीन हजारांपर्यंत, आणि हजाराच्या आतला साधा दोन्ही बाजूंनी सारखा माऊस. उरलेल्या पैशात लॅपटॉप उंच करायचा स्टँड येतो, म्हणजे पडदा डोळ्यांसमोर आणि कीबोर्ड कोपराच्या उंचीला. कीबोर्डचे मागचे पाय मिटलेले ठेवावेत; ते उघडले की मनगट वर वाकते आणि य पर्यंत पोहोचायला करंगळीला आणखी ताण पडतो. कीक्रॉन या बजेटमध्ये बसत नाही, आणि पहिला मेकॅनिकल कीबोर्ड घेताना तो बसवण्यासाठी ओढाताण करण्याचे कारणही नाही.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यातच दोष शोधावेत, कारण परत देण्याची मुदत तेवढीच असते. मेकॅनिकल स्विचचा नेहमीचा दोष म्हणजे एकदा दाबल्यावर दोनदा उमटणे. इंग्रजीत तो जादा अक्षराने दिसतो. देवनागरीत त्याची खूण अधिक ठळक आहे: काना किंवा हलन्त दुसऱ्यांदा आला की त्याला टेकायला व्यंजन नसते, म्हणून बहुतेक फॉन्टमध्ये तिथे ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. मजकुरात अशी वर्तुळे एकाच मात्रेला पुन्हा पुन्हा दिसू लागली, तर हाताला दोष देण्याआधी कळ तपासावी. विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीवर जावे, नोटपॅडमध्ये तीच कळ पन्नास वेळा सावकाश दाबावी आणि अक्षरे मोजावीत. पन्नासपेक्षा जास्त भरली तर स्विच सदोष आहे, कमी भरली तर कळ अर्धवट लागते आहे. डी, ई आणि तिरकी रेघ या तीन कळा मराठीत सर्वांत जास्त झिजणाऱ्यांपैकी आहेत, तपासणी त्यांच्यापासून सुरू करावी.

माऊसचा तसाच दोष डाव्या बटणात येतो. फाइलवर एकदा क्लिक केल्यावर ती उघडते, किंवा मजकूर ओढून निवडताना निवड मध्येच सुटते. बिनवायरच्या माऊसमध्ये आधी सेल बदलून पाहावा. तरी दोष राहिला तर बटणाखालचा स्विच गेला आहे. स्वस्त माऊसची दुरुस्ती परवडत नाही, म्हणून तिथे वॉरंटी हाच खरा उपाय. बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा, खोक्यावरचा अनुक्रमांक माऊसच्या पोटावरच्या क्रमांकाशी जुळवावा. नावाजलेल्या कंपन्यांच्या मालाच्या नकला बाजारात फिरत असतात, आणि हे दोन क्रमांक जुळत नसतील तर माल दुकानातच परत करावा.